गल्लीतल्या वाचनालयाचे गणित : एका पुस्तकाचे एकवीस फेरे

सोलापूर शहराची हद्द १९९२ मध्ये वाढली आणि त्यानंतरच्या तीन दशकांत जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या बाजूंना नव्या वसाहतींची दाटी झाली. घरे वाढली, शाळा आल्या, दवाखाने आणि दुकाने आली. वाचनालये मात्र त्या वेगाने आली नाहीत. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेले हिराचंद नेमचंद वाचनालय हे शहराचे भूषण आहे. पण ते जुन्या शहरात आहे आणि हद्दवाढ भागातल्या निवृत्त शिक्षकाला किंवा घरकामातून दुपारचा तासभर काढणाऱ्या गृहिणीला केवळ एक कादंबरी बदलून आणण्यासाठी तिथवर जाणे परवडत नाही. रिक्षाचे जाण्यायेण्याचे भाडे महिन्याच्या वर्गणीच्या जवळ पोहोचते.

अशा वसाहतींत पुस्तकांचे वेड असलेली आणि आसपासच्या वाचकांना नावानिशी ओळखणारी एखादी व्यक्ती असतेच. घरातल्या एका खोलीत पाच-सहाशे पुस्तके मांडून वर्गणीवर वाचनालय सुरू करावे, हा विचार तिच्या मनात येतो आणि अनेकदा प्रत्यक्षातही उतरतो. यातली बरीच वाचनालये दोन-तीन वर्षांत बंद पडतात. त्याचा दोष बहुधा मोबाइलला, दूरचित्रवाणीला किंवा इंग्रजी माध्यमाला दिला जातो. त्यात तथ्य नाही असे नव्हे. परंतु गल्लीतले वाचनालय बंद पडण्याची कारणे पुष्कळदा त्याच्या हिशेबाच्या वहीतच सापडतात.

अनुदानाचा रस्ता

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांसाठी १९६७ चा स्वतंत्र कायदा आहे. त्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी होते आणि त्यानुसार परिरक्षण अनुदान मिळते. गावोगावच्या वाचनालयांचे जाळे या कायद्यामुळेच उभे राहिले. परंतु २०१२ मध्ये महसूल यंत्रणेमार्फत राज्यभरातील ग्रंथालयांची पडताळणी झाली, अनेक ठिकाणी त्रुटी आढळल्या आणि त्यानंतर कित्येक वर्षे नव्या ग्रंथालयांना मान्यता देणे व जुन्यांची दर्जावाढ करणे थांबून राहिले. सोलापूरच्या नव्या वसाहती भरत होत्या, त्याच काळात हे दार बंद होते.

शिवाय अनुदान हे नोंदणीकृत संस्थेसाठी असते. कार्यकारिणी, लेखापरीक्षण, वार्षिक अहवाल, कर्मचारी हा सारा डोलारा त्यासोबत येतो. एका व्यक्तीने आपल्या घरात चालवलेले वाचनालय त्या चौकटीत बसत नाही. त्याला वर्गणीवरच जगावे लागते.

कायद्याची म्हणावी अशी मोठी अडचण मात्र नाही. विकत घेतलेले छापील पुस्तक भाड्याने किंवा वर्गणीवर वाचायला देण्यास आपल्याकडचा स्वामित्वहक्क कायदा आड येत नाही. त्याच पुस्तकाची छायाप्रत काढून देणे किंवा पीडीएफ करून व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकणे हा मात्र हक्कभंग होतो. दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या राज्य कायद्यानुसार मोजके कामगार असलेल्या आस्थापनेने केवळ ऑनलाइन सूचना देणे पुरेसे आहे. तेव्हा प्रश्न उरतो तो वर्गणीत भागते का, एवढाच.

वर्गणीत भागते का?

एक नमुना हिशेब मांडून पाहता येईल. समजा, जुळे सोलापुरातल्या एखाद्या घरगुती वाचनालयाचे ऐंशी सभासद आहेत. एका वेळी एक पुस्तक, महिन्याला शंभर रुपये वर्गणी आणि पाचशे रुपये अनामत, अशी अट आहे. जागा घरचीच असल्याने भाडे नाही. महिन्याला आठ हजार रुपये जमा होतात. घरपोच पुस्तके बदलून देणाऱ्या मुलाचे अर्धवेळ मानधन अडीच हजार, साप्ताहिके-मासिके पाचशे, प्लॅस्टिकची वेष्टने, डिंक आणि बांधणी पाचशे, वीज, फोन व किरकोळ पाचशे, असे चार हजार खर्च होतात. उरलेल्या चार हजारांतून चालकाने स्वतःसाठी सोळाशे रुपये घेतले, तर नव्या पुस्तकांसाठी दोन हजार चारशे उरतात.

आता खरा प्रश्न येतो. सरासरी सभासद महिन्याला दोन पुस्तके बदलतो असे धरले, तर महिन्याला एकशे साठ वेळा देवघेव होते. प्रत्येक देवघेवीमागे वर्गणीतले पन्नास रुपये पडतात आणि त्यातले पंधरा रुपये पुस्तक खरेदीच्या वाट्याला येतात. चारशे रुपये छापील किमतीचे पुस्तक वीस टक्के सवलतीने तीनशे वीस रुपयांना पडते. पंधरा-पंधरा रुपयांनी ही रक्कम भरून निघायला त्या पुस्तकाचे सुमारे एकवीस फेरे व्हावे लागतात.

एकवीस फेरे ऐकायला फार वाटत नाहीत. परंतु सभासद ऐंशीच आहेत. म्हणजे दर चार वाचकांपैकी एकाने तेच पुस्तक नेले पाहिजे. महिन्याला दोन फेरे करणारी कादंबरी साडेदहा महिन्यांत आपली किंमत वसूल करते. दोन महिन्यांतून एकदाच हलणारा ग्रंथ त्यासाठी साडेतीन वर्षे घेतो आणि पाच जणांनीच वाचलेला ग्रंथ कधीच वसूल होत नाही. दोन हजार चारशे रुपयांत महिन्याला सात-आठच पुस्तके येतात. त्यातली तीन जरी चुकली, तरी वर्षाअखेरीस पस्तीस-छत्तीस पुस्तके कपाटात मुक्कामाला राहतात आणि सभासद विचारू लागतात, ‘नवीन काही आले नाही का?’ प्रत्यक्षात नवीन आलेले असते; त्यांच्यासाठी आलेले नसते.

वाचकांना ओळखण्याचे मोल इथे रुपयांत मोजता येते. पुस्तकाच्या दुकानदाराला प्रत विकली की त्याचे काम संपते. वाचनालयाच्या चालकाला खरेदीपूर्वीच डोळ्यांपुढे एकवीस चेहरे आणावे लागतात. सात-आठ चेहऱ्यांनंतर यादी थांबत असेल, तर ते पुस्तक नवे घेण्याचे नव्हे. ते जुन्या पुस्तकांच्या बाजारातून ऐंशी-शंभर रुपयांना मिळवावे. शंभर रुपयांच्या प्रतीला सात फेरे पुरतात. किंवा मध्यवर्ती वाचनालयाचे स्वतःचे सभासदत्व ठेवून त्या वाचकाला हवा तो ग्रंथ कुठे मिळेल, ते त्याला सांगावे.

याचा अर्थ केवळ खपाऊ पुस्तकेच ठेवावीत असा नाही. ज्या कादंबरीचे चाळीस फेरे होतात, ती आपली किंमत देऊन आणखी जवळजवळ एका प्रतीइतकी रक्कम मागे ठेवते. त्या रकमेतून एखादे वैचारिक पुस्तक, एखादा कवितासंग्रह घेता येतो. चालकाने फक्त हे जाणून करावे. महिन्याच्या सात-आठ पुस्तकांत असे एक किंवा दोन. आपल्या आवडीची पाच आणि वाचकांच्या आवडीची तीन, हे प्रमाण वाचनवेड्या चालकाचे सर्वांत महागडे व्यसन ठरते.

चित्रपटाची लाट

मागणीचा अंदाज चुकवणारी एक गोष्ट अलीकडे वारंवार दिसते. २०१३ मध्ये ‘दुनियादारी’ चित्रपट आला आणि सुहास शिरवळकर यांच्या जुन्या कादंबरीला नव्याने विचारणा सुरू झाली. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’वर २०१२ मध्ये चित्रपट आला, तेव्हाही तेच झाले. २०२५ च्या फेब्रुवारीत ‘छावा’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला आणि शिवाजी सावंत यांची १९७९ ची कादंबरी पुन्हा चर्चेत आली.

अशा वेळी एकाच आठवड्यात पंधरा जण एकच पुस्तक मागतात आणि चालकाला तीन प्रती घेण्याचा मोह होतो. पंधरवड्याची मुदत धरली, तर तीन प्रती पंधरा जणांची मागणी अडीच महिन्यांत भागवतात. त्यानंतर प्रत्येक प्रतीचे पाचच फेरे झालेले असतात आणि लाट ओसरलेली असते. ‘छावा’सारखी जाडजूड कादंबरी तर पंधरवड्यात वाचूनही होत नाही. यावरचा जुना उपाय अजूनही चालतो. प्रत एक किंवा फार तर दोन घ्यावी, मागणीची क्रमवारी वहीत लिहून ती वाचकाला दाखवावी आणि थांबलेल्या काळात त्याला त्याच जातीचे दुसरे पुस्तक द्यावे. आपला क्रमांक सातवा आहे हे कळलेला वाचक थांबतो. ‘आले की सांगतो’ एवढेच ऐकलेला वाचक दुसरीकडे जातो.

दिवाळी अंकांचा आधार

वर्गणीच्या या तंग हिशेबात मराठी वाचनालयांना हात देणारी एक गोष्ट आहे व ती अन्य भाषांतल्या वाचनालयांना सहसा लाभत नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा चालत आली. आज एकेका अंकाची किंमत अशी झाली आहे की मध्यमवर्गीय कुटुंब दोन-तीन अंकांवर थांबते. पण वाचायचे मात्र वीस-पंचवीस असतात. वाचनालयांची दिवाळी अंक योजना या फरकावर उभी आहे.

त्याच नमुना वाचनालयाच्या ऐंशीपैकी पन्नास सभासदांनी पाचशे रुपये भरून योजना घेतली, तर पंचवीस हजार रुपये जमतात. सरासरी तीनशे रुपये किमतीचे साठ अंक वीस टक्के सवलतीने चौदा हजार चारशेला येतात. उरतात दहा हजार सहाशे. पुस्तक खरेदीचे महिन्याचे दोन हजार चारशे रुपये पाहिले, तर चार महिन्यांहून अधिक काळाची खरेदी एका दिवाळीत भागते. नोव्हेंबर ते मार्च या वीस आठवड्यांत प्रत्येकाने आठवड्याला एक अंक बदलला, तर हजार देवघेवी होतात आणि एक अंक सोळा-सतरा हातांतून जातो. पिनांनी शिवलेला अंक एवढ्या हातांत टिकत नाही. म्हणून तो आल्या दिवशीच दाभणाने दोऱ्यात शिवून जाड पुठ्ठ्याचे वेष्टन घालावे लागते. हे काम पुढच्या आठवड्यावर टाकले, की डिसेंबरात मधली पाने सुटू लागतात.

योजना फसते ती पहिल्या महिन्यात. पन्नासही जणांना तेच चार-पाच नामांकित अंक हवे असतात, आणि तेही दिवाळीच्या सुट्टीत. साठ अंक साठ वेगवेगळे घेतले, तर पाच जण खूश होतात व पंचेचाळीस जण कुरकुरतात. त्यापेक्षा पन्नास नावे निवडून त्यातल्या पाच अंकांच्या तीन-तीन प्रती घेणे शहाणपणाचे; संख्या साठच राहते. पहिल्या महिन्यापुरती मुदत सातऐवजी पाच दिवस ठेवावी आणि नामांकित अंकानंतर दुसरा अंक विनोदी, पाककृतींचा किंवा राशिभविष्याचा, असा क्रम लावावा. आणखी एक पथ्य असे की पैसे अंक येण्यापूर्वी घ्यावेत. दिवाळीनंतर योजनेत येणाऱ्याने चांगले अंक वाचून झाल्यावर उरलेली वर्गणी देणे टाळल्याचा अनुभव कुठल्याही जुन्या चालकाला नवा नसतो.

अनामत ही मिळकत नव्हे

वाचनालय बंद पडण्याचे सर्वांत साधे आणि सर्वांत नेहमीचे कारण अनामत हे आहे. ऐंशी सभासदांचे पाचशे रुपये म्हणजे चाळीस हजार. सुरुवातीच्या महिन्यांत ही रक्कम हातात येते आणि कपाटे रिकामी दिसत असतात. चालक त्यातून पुस्तके घेतो. वर्षभर काही बिघडत नाही, कारण जुने सभासद जातात तितके नवे येतात व एकाच्या अनामतीतून दुसऱ्याची परत दिली जाते.

मग मे महिना येतो. बदल्या होतात, मुलांच्या नोकरीमुळे आईवडील पुण्याला किंवा हैदराबादला जातात. एका महिन्यात बारा सभासद गेले, तर सहा हजार रुपये परत द्यावे लागतात. ही रक्कम अडीच महिन्यांच्या खरेदीएवढी आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात नवे सभासदही कमी येतात. चालक मग ‘पुढच्या महिन्यात देतो’ म्हणतो, ही गोष्ट दोन दिवसांत गल्लीभर होते आणि उरलेल्यांपैकी काही जण अनामत सुरक्षित असतानाच काढून घ्यायला येतात. अवघ्या महिनाभरात बँकेवर रांग लागावी तसे होते. अनामत वेगळ्या बचत खात्यात ठेवून तिला हात न लावणे, एवढी एकच शिस्त अनेक वाचनालयांना वाचवू शकली असती. अनामत किती असावी, याचेही साधे माप आहे. ती सभासदाच्या हाती असलेल्या पुस्तकाच्या किमतीपेक्षा थोडी अधिक हवी. दोनशे रुपये अनामत घेऊन सहाशे रुपयांचे पुस्तक हाती देणे म्हणजे ते निम्म्याहून कमी किमतीत विकण्याची तयारी ठेवणे होय.

कार्ड काय सांगते?

संगणकावर नोंद ठेवणे आता सोपे झाले आहे. तरीही पुस्तकाच्या शेवटच्या पानाला चिकटवलेल्या खिशातले कार्ड अजून उपयोगाचे आहे, कारण ते पुस्तक हातात घेताच दिसते. त्यावर तारीख आणि सभासद क्रमांक असतो. वर्षभरात एकही तारीख न पडलेले पुस्तक दर्शनी कप्प्यातून हलवावे. दोन वर्षे न हललेले विकून टाकावे. तारखा पडतात, पण दोन तारखांमधले अंतर दीड-दोन महिन्यांचे असेल, तर दोष पुस्तकाचा नाही. ते कुणाच्या तरी घरी अडकते आहे. अडकलेले पुस्तक दुहेरी नुकसान करते. त्याचे फेरे बुडतात आणि ते धरून बसलेला सभासदही दुसरे पुस्तक नेत नसल्याने हळूहळू वर्गणीतून बाहेर पडतो. सलग दोन महिने पुस्तक न बदललेला सभासद तिसऱ्या महिन्यात बहुधा येत नाही. दंडाची पावती पाठवल्याने तो आणखी दूर जातो. त्याच्या दारी जाऊन ते पुस्तक परत घेणे आणि तिथेच दुसरे हाती देणे, हा उपाय अधिक चालतो.

घरपोच सेवेचे महत्त्व यामुळेच आहे. डोंबिवलीत पुंडलिक पै यांनी १९८६ मध्ये थोड्या पुस्तकांवर सुरू केलेली फ्रेंड्स लायब्ररी पुढे मोठी झाली. परंतु डोंबिवलीतला वाचक रोज स्थानकाकडे जातो आणि जाता-येता पुस्तक बदलू शकतो. सोलापुरात माणसांचा असा एकाच दिशेचा रोजचा प्रवाह नाही. इथे पुस्तकालाच दारापर्यंत जावे लागते. तेही उन्हाळ्यात संध्याकाळी सहानंतर, आणि अनेक वर्षे चार-पाच दिवसांआड पाणी आलेल्या या शहरात पाण्याचा दिवस टाळून. कारण नळ सुरू असताना दारात आलेल्या मुलाशी पुस्तकांबद्दल बोलायला कुणाला सवड नसते. एका मुलाला संध्याकाळच्या दोन तासांत पंधरा-वीस घरेच नीट होतात. म्हणून सभासद एका किलोमीटरच्या आत असणे हे सभासद जास्त असण्यापेक्षा महत्त्वाचे ठरते. शहराच्या दुसऱ्या टोकाचे दहा सभासद पेट्रोलमध्ये आपली वर्गणी संपवतात.

दूरच्या वसाहतींसाठी वेगळा नमुना उपलब्ध आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या माध्यमातून विनायक रानडे यांनी २००९ मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना सुरू केली. त्यात पुस्तकांची पेटीच वाचकांच्या गटाकडे जाते आणि ठरावीक काळाने ती दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलते. तिचा आधार देणग्या आहे, वर्गणी नव्हे. परंतु पेट्यांची अदलाबदल ही कल्पना वर्गणीच्या वाचनालयांनाही घेता येते. हद्दवाढ भागातल्या दोन चालकांनी आपापल्या परिसरात फेरे संपलेली शंभर पुस्तके सहा महिन्यांसाठी परस्परांना दिली, तर दोघांच्याही वाचकांना एक रुपया न खर्चता शंभर ‘नवी’ पुस्तके मिळतात. ऐंशी वाचकांत जे पुस्तक आठच फेरे करून थांबले होते, त्याला आणखी ऐंशी वाचक लाभतात.

ऐंशी सभासदांचे वाचनालय कुणाचा चरितार्थ चालवू शकत नाही, हे वरच्या हिशेबातून उघड आहे. सोळाशे रुपये हे मानधनही म्हणता येणार नाही. सभासद दीडशे झाले, तर एकवीस फेरे सातजणांतून एका वाचकावर भागतात, खरेदीचा धोका निम्म्याने घटतो आणि महिन्याला तीन-साडेतीन हजार चालकाच्या हाती पडू शकतात. पण एका किलोमीटरच्या परिघात दीडशे वर्गणीदार वाचक आहेत का, याचे उत्तर दारोदारी फिरल्यावरच मिळते. पुस्तके खरेदी करण्यापूर्वी हा फेरा पूर्ण करणाऱ्याचे वाचनालय तिसऱ्या वर्षी उघडे असण्याची शक्यता अधिक. कपाटे आधी भरणाऱ्याला वाचक नंतर शोधावे लागतात, आणि तोपर्यंत अनामत संपलेली असते.